नोटिशीला उत्तर आलं नाही. तक्रारीत हकीकत काय लिहावी, मागणी किती करावी?

प्रश्न: "आमचं चार एकर सोयाबीन उगवलंच नाही. कृषी केंद्रातून पाच बॅगा घेतल्या होत्या, बिल १५,७५० रुपयांचं, माझ्या नावानं. शेत बाबांच्या नावानं आहे. तालुक्याच्या समितीनं पंचनामा केला, मग आम्ही दुबार पेरलं. नोव्हेंबरात वकिलाकडून दुकानदाराला अन् कंपनीला तीन लाखांची नोटीस दिली, दोन महिने होत आले, कोणीच उत्तर दिलं नाही. गावात म्हणतात, उत्तर नाही म्हणजे कबूल. आता ग्राहक आयोगात जायचं आहे. हकीकत कशी लिहू आणि मागणी किती करू? कागद अन् माझा कच्चा मसुदा पाठवतो आहे."

उत्तर:

उत्तर नाही म्हणजे कबुली, हे आधी डोक्यातून काढा. तुमच्या मसुद्यातली जवळजवळ दीड पानं नोटिशीवरच गेली आहेत आणि बियाणं किती खोलीवर पेरलं याबद्दल एक ओळही नाही. आयोगापुढे उलटं असावं लागतं. समोरच्याच्या गप्प राहण्यानं बियाणं सदोष ठरत नाही. ते ठरवायला पावती, टॅग, पंचनामा आणि पेरणीची हकीकत लागते. नोटीस देणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बंधनकारकही नाही.

तरी नोटीस वाया गेलेली नाही, तिचा एक नेमका उपयोग आहे. कंपनी आयोगात लेखी जबाब देईल तेव्हा म्हणेल की पाऊस कमी होता, पेरणी खोल झाली, तणनाशक चुकीचं मारलं. त्या वेळी तुम्हाला म्हणता येईल की हे सगळं खरं असतं तर नोटीस मिळाल्यावरच सांगितलं असतं. बचाव नंतर सुचलेला आहे एवढं दाखवायला गप्प राहणं कामी येतं, आणि त्यासाठी एक परिच्छेद पुरे. तो असा लिहा:

"तक्रारकर्त्यांनी दि. १२/११/२०२५ रोजी वकिलामार्फत विरुद्ध पक्ष क्र. १ व २ यांना नोटीस पाठवली. ती दोघांनाही दि. १७/११/२०२५ रोजी मिळाली. नोटिशीची प्रत, पोस्टाच्या पावत्या व पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. नोटिशीत दिलेली १५ दिवसांची मुदत दि. ०२/१२/२०२५ रोजी संपली. आजपर्यंत विरुद्ध पक्षांनी उत्तर दिलेले नाही किंवा नोटिशीतील मजकूर नाकारलेला नाही."

यात "उद्दामपणे", "जाणूनबुजून", "शेतकऱ्याला तुच्छ लेखून" असलं काही नको. तारखा पुरेशा बोलतात. मात्र पोचपावती नीट पाहा. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं असेल तर ते मिळाल्यासारखंच धरलं जातं. "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा असेल तर नोटीस मिळाली असं शपथेवर लिहू नका. तुमच्या कागदांत कंपनीची पोचपावती आहे, दुकानदाराची नाही. पोस्टाच्या संकेतस्थळावरून त्याच्या पाकिटाची नोंद आजच छापून घ्या, त्या नोंदी कायम राहत नाहीत. आणि वरच्या मसुद्यातलं "दोघांनाही" हे ती नोंद हातात आल्यावरच लिहा.

आता मुख्य हकीकत. पहिला खड्डा तुमच्या घरातच आहे: बिल तुमच्या नावानं, सातबारा बाबांच्या नावानं. कंपनीचा वकील पहिल्याच पानावर म्हणेल की ज्यानं बियाणं घेतलं त्याचं शेत नाही आणि ज्याचं शेत आहे त्यानं बियाणं घेतलं नाही. म्हणून तक्रार दोघांच्या नावानं करा, तक्रारकर्ता क्र. १ तुम्ही आणि क्र. २ बाबा. पहिल्याच परिच्छेदात लिहा की कुटुंब एकत्र आहे, शेती दोघं मिळून कसता, बियाणं याच शेतासाठी घेतलं आणि घराचा उदरनिर्वाह यावरच चालतो. ज्यानं पैसे दिले तो ग्राहक आणि त्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो तोही ग्राहक, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. उदरनिर्वाहाचं वाक्य विसरू नका, कारण "माल विकण्यासाठी शेती म्हणजे व्यापारी हेतू" हा आक्षेप अजूनही घेतला जातो.

त्यानंतर खरेदी. तारीख, बिल क्रमांक, वाण, लॉट क्रमांक, बॅगा किती आणि किती किलोच्या. तुमच्या बिलावर लॉट क्रमांक लिहिलेला आहे आणि तोच पिशवीच्या टॅगवर आहे. हे दोन्ही जुळतात हे वाक्यात लिहा, नुसती कागदं जोडून आयोगानं शोधून काढावं अशी अपेक्षा ठेवू नका. टॅगवर उगवणशक्ती किमान ७० टक्के छापलेली आहे. हा कंपनीनं स्वतः दिलेला शब्द आहे, म्हणून तो जसाच्या तसा उतरवा. तुमचं सगळं प्रकरण या ७० वर आणि पंचनाम्यातल्या २८ टक्के उगवणीवर उभं आहे.

मग पेरणी. इथेच बहुतेक तक्रारी पोकळ निघतात. "योग्य पद्धतीने व शिफारशीनुसार पेरणी केली" हे वाक्य प्रत्येक तक्रारीत असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. पेरणीच्या दिवशी शेतात काय झालं ते लिहा: पेरणीआधी किती पाऊस झाला होता, ओल किती खोल होती, बीजप्रक्रिया कशाची केली, ट्रॅक्टरनं पेरलं की तिफणीनं, बी किती खोलीवर पडलं, एकरी किती किलो, पेरल्यावर पाऊस कधी आला. सोयाबीनला साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरायला सांगतात, बी ३ ते ४ सेंटिमीटरवर पडावं लागतं आणि एकरी ३० किलोच्या आसपास लागतं. तुमच्या पाच बॅगा २५ किलोच्या, म्हणजे १२५ किलो चार एकरात. हिशेब बरोबर बसतो, तोही लिहा. पावसासाठी तुमच्या महसूल मंडळाची जूनची रोजची नोंद तालुका कृषी कार्यालयातून मागून घ्या. कंपनी "पाऊस नव्हता" म्हणण्याआधी तो आकडा तुमच्या हकीकतीत असला पाहिजे.

खोलीबद्दल माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, ती सांगतो. दारव्ह्याकडचे एक शेतकरी मला म्हणाले, "दोन बोटं खोल पेरलं." मी तक्रारीत "दोन इंच" लिहिलं. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. समोरच्या वकिलानं तेवढंच धरलं, की तक्रारकर्ता स्वतः शपथेवर सांगतो आहे की बी शिफारशीपेक्षा खोल पेरलं. आडवी धरलेली दोन बोटं साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतात. माणूस खरं बोलत होता, मीच त्याचं बोलणं कागदावर बिघडवलं. दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला आणि त्यात चार तारखा गेल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर मोजपट्टी असते. शेतकऱ्याला बोट धरून दाखवायला सांगतो आणि मोजून लिहितो.

पंचनाम्याचा परिच्छेद लिहिताना अहवाल समोर ठेवा. ३० जूनला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार दिली, ५ जुलैला तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात आली, त्या वेळी कोण कोण हजर होतं, कोणाच्या सह्या आहेत, हे लिहा. दुकानदाराची सही आहे, ती महत्त्वाची आहे. कंपनीचा माणूस नव्हता, मात्र कंपनीला दूरध्वनीनं कळवल्याची नोंद अहवालात आहे, तीही लिहा. "आम्हाला न बोलावता पंचनामा केला" हा आक्षेप ठरलेला असतो.

समितीचा निष्कर्ष मात्र स्वतःच्या शब्दांत लिहू नका. तुमच्या मसुद्यात "समितीने बियाणे बोगस असल्याचे जाहीर केले" असं आहे. अहवालात तसं कुठेही नाही. तिथं लिहिलं आहे की सरासरी उगवण २८ टक्के आढळली, जमिनीत पुरेशी ओल होती, बी योग्य खोलीवर आढळले आणि "उगवण कमी असण्याचे कारण बियाण्याची कमी उगवणशक्ती असल्याचे दिसून येते". हे वाक्य तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे, कारण अनेक अहवाल फक्त "उगवण कमी" एवढंच म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. तसे अहवाल पुढे टिकत नाहीत. ते वाक्य अवतरण चिन्हांत, पान क्रमांकासह उतरवा. "बोगस" हा शब्द काढून टाका. तो सिद्ध करायला फसवणूक दाखवावी लागेल, आणि तुम्हाला फक्त दोष दाखवायचा आहे.

कंपनीचा आणखी एक हमखास मुद्दा असतो: बियाणं प्रयोगशाळेत तपासलं नाही. यासाठी एक वाक्य आधीच घालून ठेवा, की घेतलेलं सगळं बियाणं पेरलं गेलं आणि तपासणीसाठी काहीच शिल्लक राहिलं नाही, शेतकरी बियाणं शिल्लक ठेवण्यासाठी घेत नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हाच विचार मान्य केला आहे. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, त्यामुळे नमुना दिला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. त्याच लॉटचे नमुने कंपनीकडे असतात, तिनं ते तपासायला द्यावेत. पण तुमच्या घरी पोत्याच्या तळाशी पसाभर जरी बी उरलं असेल तर ते लपवू नका. सील करून ठेवा आणि तपासणीसाठी देण्याची तयारी आहे असं लिहा. उलटतपासणीत ते बाहेर आलं तर वरचं सगळं वाक्य खोटं ठरतं.

आता मागणी. तुमच्या मसुद्यात ती अशी आहे: बियाण्याचे १५,७५०, दुबार पेरणीचे २३,५००, चार एकराचं पूर्ण उत्पन्न १,५०,०००, मानसिक त्रास ५,००,०००. यातली बरीचशी एकाच नुकसानीची दोनदा मागणी आहे. मी अशा वेळी दोन स्तंभ आखतो. एका बाजूला बी चांगलं असतं तर काय झालं असतं, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात काय झालं. मधला फरक म्हणजे नुकसान.

बी चांगलं असतं तर एकदाच पेरणी झाली असती आणि नेहमीचं पीक आलं असतं. नेहमीचं म्हणजे किती, हे अंदाजानं लिहायचं नाही. तुमच्याकडे मागच्या तीन हंगामांच्या बाजार समितीच्या पट्ट्या आहेत, याच चार एकराच्या: २७, २४ आणि २७ क्विंटल. सरासरी २६. एकरी साडेसहा पडतात, हा आकडा कोणालाही पटेल. प्रत्यक्षात काय झालं? ८ जुलैला दुबार पेरणी झाली, पीक उशिरा आलं आणि १७ क्विंटल झालं. म्हणजे तूट ९ क्विंटलची, पूर्ण पिकाची नाही. पूर्ण पीक मागाल तर आयोग विचारेल की मग ई-पीक पाहणीत दुबार सोयाबीन कसं दिसतं आणि डिसेंबरातली १७ क्विंटलची पट्टी कोणाची. तिथून पुढे तुमचा खरा आकडाही संशयात येतो.

भाव कोणता धरावा? २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, तुमची पट्टी मात्र ४,२०० ची आहे. मी पट्टीचा भाव धरतो. ते नऊ क्विंटल झाले असते तर त्याच अडत्याकडे, त्याच भावानं गेले असते. ९ गुणिले ४,२०० म्हणजे ३७,८०० रुपये. हमीभाव केंद्रावर आधी माल घातल्याची पावती असती तर वेगळं लिहिलं असतं.

दुबार पेरणीच्या २३,५०० मध्ये दुसरं बियाणं १४,५००, ट्रॅक्टरची पेरणी ३,६०० आणि डीएपीच्या चार बॅगा ५,४०० आहेत. इथं थांबून विचार करा. पहिल्या बियाण्याची किंमत परत मागायची, दुसऱ्याचीही मागायची आणि वर उत्पन्नाची तूटही मागायची, म्हणजे सोयाबीन तुम्हाला बियाण्याच्या खर्चाशिवाय पिकलं असं होतं. दोन्हीपैकी एक निवडा. मी पहिलं निवडतो, कारण त्याचं बिल छापील आहे, लॉट क्रमांकासह आहे, आणि सदोष वस्तूची किंमत परत देण्याचा आदेश कलम ३९ मध्ये सरळ दिलेला आहे. दुसरं बियाणं तुम्ही शेजाऱ्याकडून घेतलं, त्याची चिठ्ठीही नाही. ते हकीकतीत सांगा, मागणीत घेऊ नका. ट्रॅक्टरवाल्याची सही केलेली पावती आणि खताचं बिल आहे, म्हणून ते ९,००० घ्या.

म्हणजे प्रत्यक्ष नुकसान असं: १५,७५० अधिक ९,००० अधिक ३७,८००, एकूण ६२,५५० रुपये. मला माहीत आहे, तीन लाखांच्या नोटिशीनंतर हा आकडा छोटा वाटतो. पण यातला एकेक रुपया कोणत्या ना कोणत्या कागदावर बोट ठेवून दाखवता येतो. मोठ्या आकड्याचं अर्धं तरी मिळेल या आशेनं लोक फुगवतात. माझा अनुभव असा की आकड्याला आधार नसला की आयोग एक ढोबळ रक्कम देऊन मोकळा होतो, आणि ती खऱ्या नुकसानीपेक्षा कमी भरते.

मानसिक व शारीरिक त्रासासाठी १५,००० आणि तक्रारीच्या खर्चासाठी १०,००० मागा. पण त्रासाची हकीकत आधी आलेली हवी: दुकानात किती वेळा गेलात, काय सांगून परत पाठवलं, दुबार पेरणीसाठी कोणाकडून उसने घेतले. हे दोन-तीन वाक्यांत, तारखांसह. मागणीत पहिल्यांदाच "त्रास" उगवला तर त्याला मूळ नसतं.

नोटिशीतले तीन लाख आणि तक्रारीतली ही रक्कम यांतला फरक लपवू नका. एक वाक्य घाला: "नोटीस देताना दुबार पिकाचा माल विकला गेला नव्हता, त्यामुळे रक्कम अंदाजे लिहिली होती. आता विक्रीच्या पट्टीनुसार प्रत्यक्ष नुकसानीचा हिशेब केला आहे." तुमची पट्टी डिसेंबरची आणि नोटीस नोव्हेंबरची असल्यामुळे हे खरंही आहे.

विनंतीचा परिच्छेद मग असा होईल:

"विरुद्ध पक्ष क्र. १ व २ यांनी तक्रारकर्त्यांना सदोष बियाणे विकले असे घोषित करावे. विरुद्ध पक्षांनी वैयक्तिक व संयुक्तरीत्या (अ) बियाण्याची किंमत रु. १५,७५०, (ब) दुबार पेरणीचा खर्च रु. ९,०००, (क) उत्पन्नातील तुटीपोटी रु. ३७,८००, अशा एकूण रु. ६२,५५० व त्यावर तक्रार दाखल केल्याच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के व्याज द्यावे; (ड) मानसिक व शारीरिक त्रासाबद्दल रु. १५,००० व (ई) तक्रारीचा खर्च रु. १०,००० द्यावा, आणि आयोगास योग्य वाटेल तो इतर आदेश व्हावा."

"वैयक्तिक व संयुक्तरीत्या" हे शब्द गाळू नका. ते नसले की दुकानदार म्हणतो मी सीलबंद पिशवी विकली, कंपनी म्हणते साठवणूक दुकानदारानं बिघडवली, आणि वसुलीच्या वेळी दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. शेवटच्या "इतर आदेश" वर मात्र फार विसंबू नका. व्याज मागायचं राहिलं तर ते त्या चार शब्दांतून निघेलच असं नाही. तुमच्या मसुद्यात तालुका कृषी अधिकाऱ्याला विरुद्ध पक्ष केलं आहे, तसं करू नका. त्यांनी तुमचा पंचनामा केला आहे, गरज पडली तर ते तुमचे साक्षीदार आहेत.

बाकी गोष्टी थोडक्यात. फी आणि आयोगाची हद्द दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुमचा मोबदला १५,७५० आहे आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचं कार्यालय कुठंही असो. कलम ६९ प्रमाणे मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि नोटीस दिल्यानं ती वाढत नाही. तुमचं कारण जून २०२५ च्या अखेरीस, उगवण झाली नाही हे दिसलं तेव्हा घडलं. "नोटिशीला उत्तर न दिल्याने कारण घडले" असं तुमच्या मसुद्यात आहे, ते बदलून उगवण न झाल्याची आणि पंचनाम्याची तारीख लिहा.

सही करण्याआधी सगळी हकीकत बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा. पेरणी त्यांनी केली आहे आणि शपथपत्रावर त्यांचीही सही असणार आहे. जिथं ते "असं नव्हतं" म्हणतील तिथं कागद बदला. खोलीच्या वाक्यावर आलात की त्यांना बोटं धरायला सांगा आणि मोजपट्टी लावा.